बापूंच्या खात्यातलं दुसरं नाव

वडिलांना, म्हणजे बापूंना, विसर पडायला लागला. त्यांना आणि बायकोला घेऊन मी मुखत्यारपत्रासाठी शहाद्याच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "करा; पण त्यांचं भान गेलं, की तो कागद निकामी. त्यांना समजतंय तोवर खात्यात दुसरं नाव घाला, दोघांपैकी कोणाचीही एक सही चालेल असं."

दुसरं नाव अर्थात माझंच! बँकेपर्यंत वाटभर मी बापूंवर डाफरत होतो, "कागद सांभाळा, विसराल!"

बँकेतल्या साहेबांनी आधार कार्डं मागितली. बापूंचं बंडीतून निघालं. बायकोचं पर्समध्ये होतं. माझं घरी राहिलं होतं.

बापूंनी फॉर्म पुढे ओढला.

"साहेब, दुसरं नाव सूनबाईनं टाका. ह्याले आतेपासूनच याद राहस नही."