रामराव गुरुजींचा पगार

रामराव गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवत होते. जात माळी, ओबीसीतली. थोरली मुलगी शालू मस्तगडात दिलेली. मूल झाल्यावरही तिनं अभ्यास सोडला नव्हता, आणि यंदा जिल्ह्यात लेखनिकांच्या जागा निघाल्या होत्या. ओबीसीच्या जागेसाठी लागणारं तिचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मात्र एकतीस मार्चलाच संपलं होतं. फॉर्मची शेवटची तारीख वीस मे.

सेवा केंद्रातल्या माणसानं लग्न झालेली बाई बघून नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडला. दहा दिवसांनी अर्ज परत आला : आईवडिलांचं तीन वर्षांचं उत्पन्न जोडा.

"नवऱ्याचं कशाला जोडलं बाई?" गुरुजी वैतागले. "लग्न झालं तरी यात बापाचंच बघतेत."

त्यांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून जोडला. पगार आणि सहा एकर कोरडवाहूचं धरून साडेनऊ लाख. आता अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत : उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेपेक्षा जास्त.

गुरुजी शासन निर्णयाचा कागद घेऊन तहसीलच्या खिडकीशी गेले.

"आठ लाखात पगार धरत न्हाईत, शेतीचं उत्पन्नबी न्हाई," ते म्हणाले. "मी वर्ग तीनचा नोकर, बायको घरात. वर्ग एकचा साहेब असतो तर गोष्ट वेगळी. बाकी धंदा न्हाई, भाडं न्हाई."

"गुरुजी," कारकून म्हणाला, "दाखल्यावर आकडा आठच्या वर हाय. मी काय करू?"

"वाचून बघा की."

"साहेबांकडं जा. साहेब सोमवारी येतेत."

सोमवारी साहेब दौऱ्यावर होते. गुरुजींनी रजा टाकून तीन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा साहेब भेटले, कागद वाचला आणि म्हणाले, "तुमचं बराबर आहे." दोन दिवसांत सही झाली. तारीख पडली सव्वीस मे.

फॉर्म शालूनं आधीच ओबीसीतून भरला होता. परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. पण कागद तपासताना टेबलामागच्या बाईंनी प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"वीस मेच्या आतलं पाहिजे होतं. तुम्हाला खुल्यात धरावं लागेल."

"अर्ज तर एप्रिलातच केल्ता मॅडम. नामंजूर चुकीचा केल्ता त्यांनी."

"ते आम्ही कसं बघणार?"

खुल्याची यादी तिच्यावर चार मार्कांनी थांबली. ओबीसीच्या यादीतली शेवटची मुलगी तिच्यापेक्षा अकरा मार्कांनी मागं होती.

शालूनं फोनवर सगळं सांगितलं, रडली नाही.

"मी जल्दी करायला पाहिजे होती," गुरुजी म्हणाले.

"तुमची काय चूक, दादा?"

एकोणतीस वर्षं गुरुजी मुलांना सांगत आले होते की नीट वाचा, नियम वाचा. दुसऱ्या दिवशी शाळेत परिपाठाला त्यांनी ते सांगितलं नाही.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालणार होतं. शालूनं ते नीट घडी करून कपाटात ठेवलं. त्या तीन वर्षांत तशी जाहिरात पुन्हा निघाली नाही.