बहिणीचा बस्ता

ठाण्याच्या बाजारपेठेतलं आमचं कापडाचं दुकान शेजारून लागलेल्या आगीत जळालं. वह्या घरी होत्या म्हणून वाचल्या. विमा कंपनीचा सर्व्हेअर त्या बघायला घरी आला. गेल्या वर्षअखेरची शिल्लक आणि त्यानंतरची खरेदी यांची त्याने बेरीज केली. मग विक्रीतून नेहमीचा शेकडा वीस नफा काढून विकलेल्या मालाची मूळ किंमत ठरवली आणि ती बेरजेतून वजा केली. उरला तो जळालेला माल.

वडील अस्वस्थ झाले. "साहेब, नात्यातल्या लग्नांचे बस्ते आम्ही खरेदीच्या भावात देतो. त्यात नफा नसतो. म्हणजे तुम्ही काढलात तेवढा माल दुकानात नव्हता."

"दावा कमी करून मागणारे तुम्ही पहिलेच," सर्व्हेअर हसून म्हणाला. "कोणते बस्ते?"

वडिलांनी दोन दाखवले. सर्व्हेअरने पान उलटून तिसऱ्या मोठ्या विक्रीवर बोट ठेवलं. "ही कोणाची?" वडील म्हणाले, "माझ्या विधवा बहिणीचा बस्ता." "मग हीसुद्धा त्यातलीच ना?"

वडिलांनी होकारार्थी मान हलवली. दाव्याची रक्कम आणखी उतरली.

तो गेल्यावर आई बाहेर आली. "अहो, वन्संकडून तर पुरता नफा घेतलात! मी नको म्हणत असताना!"

"ठाऊक आहे."

"मग त्याला खरं का नाही सांगितलंत? पैसे काय वर आलेत?"

"सांगणार होतो," वडील म्हणाले. "पण परक्या माणसासमोर ते तोंडातून निघेना."