तिसऱ्या व्याजाचं पत्र

टेपमावशीच्या गळ्यात टेप नाही असा दिवस गल्लीत कुणी पाहिला नव्हता. बाजारात जाताना टेप, दवाखान्यात टेप, आणि बचत गटाच्या बैठकीत खजिनदार म्हणून पेटी उघडायची तेव्हाही टेप. शिवणकामात बाई अशी चोख की ब्लाउज उसवायला परत आणायची कुणावर वेळ येत नसे. हिशेबातही तशीच. बारा जणींचा गट, अकरा वर्षं जुना, आणि प्रत्येकीचा वाटा तिने दरवर्षी वेगळा मांडून ठेवलेला. बायका चिडवायच्या, "अगं, सगळ्यांचं सारखंच आहे ना, मग बारा वेळा कशाला लिहितेस?" ही म्हणायची, "लिहून ठेवलेलं बरं." आणि लिहायची.

अशा बाईच्या वहीत एक खोटी ओळ होती. त्या ओळीपायीच ही सगळी गोष्ट घडली.

सोमवारी तिची मुलगी कॉलेजातून आली ती तोंड एवढंसं करून. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा कोर्स, दुसरं वर्ष, घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत म्हणून फी माफ. यंदा कॉलेजने कर खात्याकडचा उतारा मागितला होता. त्यात टेपमावशीच्या नावावर शिवणाच्या कमाईखेरीज अडतीस हजारांचं व्याज दिसत होतं. झालं, मर्यादा ओलांडली. कारकुनाने सांगितलं, हे व्याज तुमचं नसेल तर शनिवारपर्यंत तसा सहीशिक्क्याचा कागद आणा, नाहीतर पूर्ण फी भरा. पूर्ण फी दोन शिलाई मशिनं विकूनही भागली नसती. आणि घरात मशीन होतं एकच.

"आई, आपल्याकडे एवढे पैसे आहेत?" मुलीने विचारलं. टेपमावशीला त्या स्थितीतही हसू आलं. "असते तर दाराला हा फाटका पडदा चार वर्षं लटकला असता का गं?"

भानगड तिला लगेच कळली. गटाचं बचत खातं आणि मुदत ठेव होती बँकेत. पैसे ठेवताना बँकेतला माणूस म्हणाला होता, गटाचा स्वतःचा कर क्रमांक नाही, तर तुमच्यापैकी कुणाचा तरी द्या. हिने आपला दिला. त्यात काय मोठंसं, असं तेव्हा वाटलं होतं. त्या क्रमांकापायी गटाचं व्याज तिच्या नावावर चढलं.

ती तडक अकाउंटंट साहेबांकडे गेली. दोन खोल्यांचं ऑफिस, फायलींचे ढीग खुर्चीवरसुद्धा. साहेबांनी एक ढीग उचलून तिला बसायला जागा केली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठेव गटाची आहे असं मी लिहून देईन, पण तुमच्या तोंडच्या शब्दावर नाही. गटाचं पत्र आणा, बाराही जणींच्या सह्यांचं. आणि त्यात सगळं लिहा. कुठकुठलं व्याज येतं, कुणाकडून येतं, सगळं. अर्धवट लिहाल तर मी अर्धवट सांगेन आणि मग निस्तरत बसाल तुम्ही."

मंगळवारी दुपारी कापलेले कपडे बाजूला सारून तिने कटिंगच्या टेबलावर कागद घेतला. सुरुवात झरझर झाली.

"मा. अकाउंटंट साहेब यांस, आमच्या गटाला व्याज कोणकोणतं मिळतं ते खाली लिहीत आहे. त्यावर कर लागतो का, लागत असेल तर गटाने भरायचा की माझ्या नावाने, ते कृपया कळवावे. एक, बँकेचं व्याज. बचत खात्याचं आणि ठेवीचं मिळून वर्षाला अडतीस हजार. दोन, गटातल्या बाईने कर्ज घेतलं तर ती महिन्याला शेकडा एक व्याज पेटीत भरते. ते व्याज वर्षाअखेर आम्हा बारा जणींच्याच वाट्याला येतं."

मग तिने "तीन" लिहिलं आणि पेन थांबलं.

तिसरं व्याज गटाबाहेरच्या माणसाचं होतं. गेल्या वर्षी अध्यक्षबाईंच्या दिराला छापखान्यासाठी पन्नास हजार दिले होते, महिन्याला शेकडा दोनने. वर्षाचं व्याज बारा हजार, पै न पै आलेलं, मुद्दलही परत. पण बाहेरच्याला कर्ज द्यायचं नाही हा गटाचा नियम. म्हणून अध्यक्षबाई म्हणाल्या, वहीत माझं नाव लाव. आणि हिने लावलं. बाकी दहा जणींना पत्ता नव्हता, कारण बैठकीत नुसत्या बेरजा वाचल्या जात.

पत्राचं मात्र तसं नव्हतं. गटातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी सगळ्यांसमोर अक्षरन् अक्षर वाचायचं, मग सह्या, असा नियम होता. तो भाजीवालीने करून घेतलेला. भाजीवालीला वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची. "मी कशावर सही करते ते मला कळायला नको?" असं तिने भर बैठकीत ठणकावलं होतं.

आणि छापखान्याला पैसे दिले नेमकी त्याच महिन्यात ही भाजीवाली नवा गाडा घ्यायला कर्ज मागत आली होती. पेटी छापखान्यात रिकामी झालेली. टेपमावशीने तिच्या तोंडावर सांगितलं होतं, "यंदा पैसे नाहीत गं पेटीत, सगळे ठेवीत टाकले."

संध्याकाळी अध्यक्षबाई आल्या. कागद बघितला, तीनचा आकडा बघितला आणि ओळखलं.

"ते खोडा," त्या म्हणाल्या.

"साहेब म्हणाले सगळं लिहा."

"साहेबांना काय स्वप्न पडणार आहे? पैसे आले, व्याज आलं, कुणाचं नुकसान झालं? पोरीचा विचार करा. ते वाचलंत तर एक तरी सही मिळेल का तुम्हाला? ती भाजीवाली तर डोक्यावर घेईल सगळी गल्ली. शनिवारी कॉलेजात काय दाखवणार, माझं तोंड?"

बोलणं खरं होतं, हीच तर मुश्कील होती. दोन परिच्छेदांचं पत्र नेलं असतं तर बायकांनी हसतखेळत सह्या केल्या असत्या. टेपमावशी रात्री जेवली नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसली. मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती, पण पान काही उलटत नव्हतं. टेपमावशीला त्या न उलटणाऱ्या पानाची भयंकर भीती वाटली.

बुधवारी गल्लीतली शाळा सुटल्यावर तिथल्याच वर्गात बैठक भरली, लहान मुलांच्या बाकांवर. बायका गुडघे आखडून बसल्या होत्या. टेपमावशीच्या पिशवीत दोन कागद होते, एक दोन परिच्छेदांचा, एक तीन परिच्छेदांचा. हो, दोन्ही लिहिले होते तिने. माणूस आहे ती, दगड नाही.

तिने पिशवीत हात घातला. समोर भाजीवाली कान देऊन बसली होती, हनुवटी वर करून, एकही शब्द निसटू नये अशी. तीन परिच्छेदांचा कागद बाहेर आला.

तिने सगळं वाचलं. "तीन, गटाबाहेरच्या एका माणसाला पन्नास हजारांचं कर्ज दिलं होतं. त्याचं बारा हजार व्याज आलं. वहीत ते अध्यक्षबाईंच्या नावावर मी लिहिलं आहे. ते खरं नाही." आवाज शेवटपर्यंत टिकला.

मग एकच कालवा. "म्हणजे नियम आम्हालाच?" "वहीत खोटं, आणि तेही टेपमावशीच्या हातचं?" अध्यक्षबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

भाजीवालीने हात वर केला. तिने एवढंच विचारलं, "कुठल्या महिन्यात दिले?"

टेपमावशीने महिना सांगितला.

"म्हणजे मी गाड्यासाठी आले होते तेव्हा."

"हो."

"सावकाराकडून घेतले मी. शेकडा पाचने. वर्षभर दर महिन्याला त्याच्या दारात उभी राहिले." तिचा आवाज चढला नाही. "मला खोटं सांगितलंस तू."

"हो. सांगितलं."

भाजीवाली उठली, टेबलाशी आली. "आत्ता वाचलंस ते खरं आहे?"

"एकूण एक."

"मग खऱ्यावर सही करायला माझं काय जातं?" तिने पेन मुठीत धरून आपलं नाव काढलं, सावकाश, ओळीच्या वर जाणारं. तिच्यामागून एकेक उठली. शेवटी अध्यक्षबाईंनी सही केली, मान वर न करता. बारा झाल्या.

"आता पेटीची किल्ली," भाजीवाली म्हणाली.

टेपमावशीने पदराच्या गाठीतून किल्ली सोडून टेबलावर ठेवली. अकरा वर्षांची गाठ, सुटता सुटेना. कुणी मदतीला आलं नाही.

शुक्रवारी साहेबांचं उत्तर आलं, खजिनदारांच्या नावे. आता खजिनदार भाजीवाली. बायका पुन्हा त्याच बाकांवर जमल्या. भाजीवालीने पाकीट फोडलं, कागद उलटसुलट केला आणि टेपमावशीपुढे धरला. "वाच. सगळं."

टेपमावशी वाचू लागली. सभासदांनी कर्जावर भरलेलं व्याज म्हणजे आपलेच पैसे आपल्याच पेटीत, त्यावर कर नाही. बँकेचं व्याज मात्र बाहेरून येतं, म्हणून ते गटाचं उत्पन्न. छापखान्याचं व्याजही बाहेरचंच, तेही उत्पन्नात धरायचं. दोन्ही मिळून पन्नास हजार. प्रत्येकीचा वाटा वहीत ठरलेला नसता तर गटाला सर्वांत चढ्या दराने कर बसला असता. पण वाटे सारखे आहेत, दरवर्षी लिहिलेले आहेत, आणि कुठल्याच बाईची स्वतःची कमाई करपात्र नाही. त्यामुळे गटाला साधाच दर लागतो, पन्नास हजार करमाफीच्या मर्यादेच्या खूप आत बसतात आणि कर शून्य होतो. ज्या व्याजावर गटाला कर बसला नाही, त्याचा वाटा प्रत्येकीने आपल्या उत्पन्नात धरायचा, म्हणजे साधारण चार हजार दोनशे. गटाने स्वतःचा कर क्रमांक घ्यावा आणि बँकेतली नोंद बदलून घ्यावी. बाहेरच्यांना कर्ज देणं बंद करावं. कॉलेजसाठी वेगळा दाखला सोबत जोडला आहे.

अडतीस हजारांचे चार हजार दोनशे झाले होते, म्हणजे घरचं उत्पन्न पुन्हा मर्यादेच्या आत. मुलीची फी वाचली. टेपमावशीला रडू कोसळलं, सगळ्यांसमोर, आणि तिने ते पुसलंही नाही.

बायका गेल्या. भाजीवाली बाकावर तशीच बसून होती.

"तिसरं व्याज गाळलं असतंस तर पोरीचं काम अडलं असतं?"

"नसतं अडलं."

"मग गाड्याच्या वेळी का नाही बोललीस?"

"घाबरले. अध्यक्षबाई मला शिवणाची कामं मिळवून देत होत्या."

"आणि परवा?"

"परवा त्याहून जास्त घाबरले होते."

भाजीवालीने दाखल्याचा कागद तिच्या हातात दिला. मग बाकाखालची वही काढून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि दारापर्यंत गेली.

"बुधवारी लवकर ये," ती मागे न बघता म्हणाली. "वही तूच लिहायची. पण प्रत्येक ओळ मला वाचून दाखवायची, आणि किल्ली माझ्याकडेच राहील."