शेवटची ऑर्डर दोन वीस

नवऱ्याने वडिलांच्या आजारपणात वर्षभरासाठी एक नियम घेतला होता: सूर्यास्तानंतर काही खायचं नाही. आम्ही कोल्हापूरकडचे जैन, त्यामुळे घरात याचं कुणाला नवल नव्हतं. ड्रेस्डेनला त्याने अकरा महिने तो नीट पाळला. हिवाळ्यात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तो साडेतीनला कंपनीच्या किचनमध्ये डबा उघडायचा आणि सहकाऱ्यांना वाटायचं, हा दुपारी फार उशिरा जेवतो. आठव्या महिन्यात वडील गेले. नियम मात्र चालू राहिला.

नियमाचे शेवटचे तीन आठवडे उरले असताना कंपनीने त्याला कोरियाला पाठवलं. चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात कंपनीची नवी यंत्रं तपासून ताब्यात द्यायची होती. सगळ्या चाचण्या पुऱ्या होऊन दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय परत यायचं नव्हतं. गेटवर फोन जमा करावा लागे. कँटीनमध्ये मासळीचा रस न घातलेली एकही भाजी नव्हती. मुक्कामाच्या खोलीत शेगडी चालत नसे. सकाळी फळं आणि पाव, मग संध्याकाळी एक जेवण, असा त्याचा दिवस ठरला. आईला फोनवर तो दोन्ही वेळा जेवतो असं सांगत होता.

ते एक जेवण शोधायचं काम माझ्याकडे आलं. लग्नाआधी सहा वर्षं मी एका मराठी दैनिकात बातम्या तपासायच्या डेस्कवर होते. ड्रेस्डेनमध्ये सकाळचा जर्मनचा वर्ग सोडला तर माझ्याकडे वेळच वेळ होता. खालच्या मजल्यावर विद्यापीठात संशोधन करणारी एक कोरियन मुलगी राहत होती. तिने मला दोन आठवड्यांत कोरियन अक्षरं शिकवली होती. अर्थ कमी कळायचा, पण वाचता यायचं, आणि जेवणाच्या हॉटेलचं नेटवरचं पान वाचायला तेवढं पुरतं. तिथले लोक वापरतात ते नकाशाचं अ‍ॅप मी फोनवर घेतलं. कारखान्यापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर एका खेड्यात बौद्ध मठाच्या पद्धतीचं जेवण देणारं हॉटेल सापडलं. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही.

त्या पानावर नकाशाखाली वेळा होत्या. साडेअकरा ते साडेआठ. शेजारी त्या क्षणी हॉटेल चालू आहे की बंद, ते सांगणारा शब्द. तो कोरियाच्या घड्याळावर चालतो, माझ्या नाही. ‘मेजू वॉल्योइल ह्यूमू’, म्हणजे दर सोमवारी बंद. त्याखाली मालकाने स्वतः लिहिलेली टीप: तीन ते पाच ब्रेक टाइम, लास्ट ऑर्डर साडेसात. हे दोन्ही शब्द इंग्रजीच, कोरियन अक्षरांत लिहिलेले. टीप संपते तिथे खाली वळलेला एक लहान बाण होता.

कारखाना सव्वाचारला सुटायचा. हॉटेल पाचला पुन्हा उघडायचं. सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास. म्हणजे पंधरा मिनिटं. तो पाचला दारात उभा असायचा, ठरलेलं ताट मागायचा आणि समोरच्या डोंगराकडे बघत भराभरा जेवायचा. सूर्यास्ताची वेळ मी त्याला रोज सकाळी कळवत असे. तिथली संध्याकाळ आणि इथली सकाळ यांत आठ तासांचं अंतर. मी वर्गाला निघायच्या आधी त्याचा दिवस संपलेला असे. मोजण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं, आणि पळण्याखेरीज त्याच्या.

दुसऱ्या रविवारी एका दिवसापुरतं वेळापत्रक बदललं. दुपारी दोन ते चार सुट्टी, मग रात्रीच्या पाळीबरोबर नऊपर्यंत काम. चारला परत गेटवर असलं पाहिजे, म्हणजे पाचचं जेवण बुडालं. सोमवारी हॉटेल बंद. रविवारी दुपारी ताट मिळालं नाही, तर शनिवारनंतर थेट मंगळवारी शिजवलेलं अन्न. आदल्या दिवशी त्याने विचारलं, कितीपर्यंत पोचलो तर चालेल? मी पान उघडलं आणि लिहिलं: ब्रेक तीनला, पावणेतीनपर्यंत पोच.

तो आरामात निघाला. टॅक्सी उशिरा आली. दोन पस्तीसला त्याचा फोन आला. इथे सकाळचे सहा पस्तीस, बाहेर अंधार.

“अगं, दार उघडं आहे. आत लोक जेवतायत. मला बसू देत नाहीत.”

मी पान उघडलं. हॉटेल चालू आहे, असंच तिथे लिहिलेलं होतं, आणि ते खरंही होतं. मग मी तो बाण दाबला. टिपेची आणखी एक ओळ उलगडली. लास्ट ऑर्डर साडेसात ही संध्याकाळची. दुपारची दोन वीस.

वर्तमानपत्राचं पान छपाईला सुटल्यावरही कार्यालयात दिवे चालू असतात, माणसं बसलेली असतात, बातमी मात्र लागत नाही. सहा वर्षं मी हे बाहेरच्या वार्ताहरांना फोनवर ऐकवत होते.

“दोन वीसला बंद झालं,” मी म्हटलं. “खाली लिहिलंय. मी उघडून बघितलंच नाही.”



“सहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचीस ना तू,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग म्हणाला, टॅक्सी अजून उभी आहे, ही गेली तर या खेड्यात दुसरी मिळायची नाही. पिशवीत भडंग आहे. फोन बंद झाला.

पानावर हॉटेलचा नंबर होता. जर्मनीत रविवारी पहाटे शेजाऱ्याची बेल वाजवणं हे भांडणाचं कारण असतं. मी खाली जाऊन वाजवली. मुलगी ब्लँकेट गुंडाळूनच दारात आली. मी पान दाखवलं, तिने ती ओळ वाचली आणि जर्मनमध्ये म्हणाली, “गेनाऊ, अगदी बरोबर. दोन वीसनंतर शेगडी बंद.” नियम म्हणजे नियम, मालक ऐकणार नाही, असंही तिने सांगितलं. तरी नंबर लावला.

मालकीणबाई बराच वेळ बोलत होती. मुलीने हाताने मला थांबवून ठेवलं होतं. शेवटी फोन बाजूला धरून तिने सांगितलं: बाई विचारतेय, रोज पाचला येऊन खिडकीबाहेर बघत जेवतो तोच का? गिऱ्हाईक गेल्यावर तीनला हॉटेलात काम करणाऱ्या त्या सगळ्याजणी जेवायला बसतात. ब्रेक टाइम म्हणजे त्यांच्या जेवणाचाच वेळ. गिऱ्हाईक म्हणून आता वाढता येणार नाही. त्यांच्यात बसायचं असेल तर एक वाटी भात जास्त आहे.

सहा त्रेपन्न झाले होते. मी त्याला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. सहा अठ्ठावन्नला फोन बंद लागला. पुढे कळलं, बाहेर थंडी होती म्हणून तो लवकरच गेटच्या आत गेला आणि नेहमीप्रमाणे फोन बंद करून जमा केला. तो कारखान्यात होता, फोन कपाटात होता, आणि भात तीनला थंड होणार होता. मुलीने हॉटेलात परत फोन करून माफी मागितली. मग आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. तिने चहा केला. 

त्या दिवशी त्याने सूर्यास्ताआधी कपडे बदलायच्या खोलीत भडंग खाल्लं. सोमवारी पाव, केळी आणि उरलेलं भडंग. नियम मोडला नाही. त्या वाटीभर भाताचं मी त्याला सांगितलं नाही. मिळाला असता आणि मिळाला नाही, हे उपाशी माणसाला कळवून काय करायचं, असं तेव्हा वाटलं.

मंगळवारी पाचला तो पुन्हा दारात होता. ताट आलं. त्यात न मागता भाताची दुसरी वाटी होती. त्याने खुणेने विचारलं, तर मालकीणबाई घड्याळातल्या तीनकडे बोट दाखवून हसली.

“मला वाटलं, लवकर खा म्हणतेय,” तो फोनवर म्हणाला. “मी दोन्ही वाट्या संपवल्या. सूर्य बुडायला दोन मिनिटं होती.”

मी बरं म्हटलं, आणि बुधवारच्या सूर्यास्ताची वेळ सांगितली.