सवडीने, लवकर, तात्काळ

धानाच्या पट्ट्यातल्या आमच्या छोट्या गोरेगावच्या कॉलेजात मी लिपिक म्हणून लागले तेव्हा ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, आणि कॉलेजचा ई-मेल उघडायचं काम माझ्याकडे आलं ते फक्त मला टायपिंग येत होतं म्हणून. सकाळी आल्यावर कुलूप उघडायचं, खिडक्या उघडायच्या, मग मेल. पुढे बरीच वर्षं माझा दिवस असाच सुरू व्हायचा.

मेल दोन प्रकारचे असतात अशी माझी पक्की समजूत झाली होती. एक म्हणजे वरच्या कार्यालयातून येणारे. त्यांच्या विषयातच ‘अतितात्काळ’ लिहिलेलं असायचं. ‘सदर माहिती आज दुपारी दोनपर्यंत न चुकता सादर करावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील.’ असा मेल बहुतेक वेळा दीड वाजता यायचा. मी डबा तसाच ठेवून माहिती भरायला बसायची. दुसरे म्हणजे उरलेले सगळे. त्यांत ‘कृपया’ असायचं, ‘विनंती’ असायची, आणि ते दोन-चार दिवस थांबले तरी कोणी विचारायचं नाही. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द मी त्या दुसऱ्या गटातच धरायची. जो खरंच घाईत असतो तो धमकी देतो, आणि जो धमकी देत नाही त्याला घाई नाही, असं मी शिकले होते. कोणी शिकवलं नव्हतं, रोजच्या कामातून ते अंगवळणी पडलं होतं.

एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली एक मुलगी ऑफिसात आली. ती नवेगाव बांधची. शिकायला गोरेगावात आत्याकडे राहिली होती, निकालानंतर घरी परतली होती. तिचे वडील तलावावरच्या मासेमारी सोसायटीत होते. दक्षिणेकडच्या एका संस्थेत मत्स्यशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. आमच्या कॉलेजातून त्या विषयाकडे जाणारी ती पहिलीच, म्हणून मला ती चांगली आठवत होती. कोहमाऱ्याला एसटी बदलून आली होती, पायात चिखलाच्या चपला. त्या तिने दाराबाहेर काढल्या.

“मॅडम, मले तिथून फोन आला,” ती म्हणाली. “तुमच्या कॉलेजले मेल केला, उत्तर आलं नाही, असं म्हणून राहिले ते लोक. शुक्रवारी यादी बंद होते म्हणते.”

तो बुधवार होता. मी म्हटलं, असा काही मेल आलेला नाही. मग शोधला, तर होता. नऊ दिवसांपूर्वीचा. मी तो उघडलेलाही होता; न वाचलेल्या मेलसारखा त्याचा विषय ठळक दिसत नव्हता.

इंग्रजीतला चार ओळींचा मेल. सोबत जोडलेली गुणपत्रिका खरी आहे का ते तपासून कळवावं, आणि शेवटी ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’. मला आठवलं, मी ते वाचून मनात ‘सोयीनुसार’ असं भाषांतर केलं होतं. प्रवेशाची गर्दी होती, खिडकीवर रांग होती. सोयीनुसार म्हणजे गर्दी सरल्यावर.

मी मेल घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला.

“याचा अर्थ काय लावला तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“आपल्या सोयीने, सर.”

“मधला शब्द सोडला तुम्ही. अर्लिएस्ट. तुम्हाला जमेल तेवढ्यात सगळ्यात आधी. हे लोक ‘लवकर पाठवा’ असं सरळ म्हणत नाहीत, त्यांची पद्धत आहे ही.” मग जरा थांबून म्हणाले, “पण तारीख द्यायला हवी होती त्यांनी. ते त्यांचंही चुकलं. आता पाठवा.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मुलगी दारातच उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. मी रजिस्टर काढलं, गुण जुळवले, प्रमाणपत्र टाइप केलं, सही-शिक्का घेतला, स्कॅन केलं. मधे वीज गेली. अर्ध्या तासाने आली. पाठवायला बसले तोवर मी घाईला आले होते.

संस्थेच्या मेलला उत्तर द्यायचं सोडून मी नवा मेल उघडला. विषयात मोठ्या अक्षरांत ‘अर्जंट’ असं तीनदा लिहिलं. खाली लिहिलं की सोबत प्रमाणपत्र आहे, तात्काळ नोंद घ्यावी आणि ‘एएसएपी’, म्हणजे शक्य तितक्या लवकर, कळवावं, विलंब झाल्यास विद्यार्थिनीच्या नुकसानीला आपण जबाबदार राहाल. ते वाक्य मला पाठ होतं. सगळ्या नोकरीत ते मलाच पाठवलं गेलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा मी ते दुसऱ्या कोणाला पाठवलं. पाठवताना बरं वाटलं, हेही खरं.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. दोन ओळी. आपला मेल मिळाला. पडताळणीची पत्रं आलेल्या क्रमाने घेतली जातात, तीन कामाचे दिवस लागतात. खाली प्रवेश विभागातल्या एका बाईंचं नाव आणि पद होतं आणि टीप, की चौकशी फक्त मेलवर करावी. तरी मी त्यांच्या वेबसाइटवरचा नंबर लावून पाहिला. पाच वेळा लावला. ध्वनिमुद्रित आवाज मेल करायला सांगत होता.

मुलगी आदल्या रात्री आत्याकडेच थांबली होती, दहा वाजता पुन्हा आली. मी तिला उत्तर दाखवलं. तिने माझा मेलही मागितला. मी दाखवावा की नाही असं क्षणभर झालं, पण दाखवला. तिने तो सावकाश वाचला.

“मॅडम, राग नका मानू,” ती म्हणाली. “पण हा मेल कायले वाचतील त्या? माझं नाव शेवटच्या ओळीत हाय. अर्जाचा नंबर तर नाहीच. आन् उशीर आपल्याकडून झाला, तं त्यांना काऊन दटावलं?”

मला राग आला. वीस वर्षांच्या मुलीने माझ्याच खुर्चीशेजारी उभं राहून असं बोलावं. पण तिच्या आवाजात चढ नव्हता. ती तलावाकाठच्या लोकांसारखं बोलली, जे आहे ते. आणि जे आहे ते तसंच होतं. त्या बाईंच्या टेबलावर अशी शेकडो प्रमाणपत्रं येत असणार. माझ्या मेलमध्ये त्यांना कळेल असं एकच होतं, की कोणीतरी ओरडतंय.

“बस,” मी म्हटलं. “आपण दोघी लिहू.”

ती स्टूल ओढून बसली. आधी आम्ही त्यांचा जुना मेल उघडला आणि त्यालाच उत्तर दिलं, म्हणजे त्यांची विनंती खालीच दिसेल. विषयात तिचा अर्ज क्रमांक आणि ‘शुक्रवारपर्यंत पडताळणीची विनंती’ एवढंच घातलं. पहिलं वाक्य मी लिहिलं, ‘कृपया तात्काळ’. तिने मान हलवली. मी त्याजागी ‘एएसएपी’ टाकलं. तेही तिला पटेना.

“त्याच्यात दिवस नाही,” ती म्हणाली. “माझ्या बापाले सोसायटीवाले म्हणते, जाळं लवकर आणून द्या. तो आठ दिवसांनी देते. सोमवारी पाहिजे म्हटलं, तं सोमवारी देते.”

मग आम्ही इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा: आपला मेल आम्हाला वेळेवर मिळाला होता, उत्तर द्यायला उशीर माझ्याकडून झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. गुणपत्रिका तपासल्याचं प्रमाणपत्र सोबत आहे. प्रवेशाची यादी उद्या, शुक्रवारी, बंद होते असं विद्यार्थिनीला कळवण्यात आलं आहे. उद्या दुपारी तीनच्या आत नोंद होऊ शकली तर आम्ही आपले फार आभारी राहू. ते शक्य नसेल तर तेवढं कळवावं, म्हणजे तिला दुसरा मार्ग शोधता येईल. खाली माझा मोबाइल नंबर.

‘माझ्याकडून’ हा शब्द टाइप करताना माझी बोटं थांबली. ‘कार्यालयाकडून’ असं लिहिता आलं असतं. तसं लिहायची सवय होती. मुलगी पडद्याकडे पाहत होती. मी ‘माझ्याकडून’च ठेवलं आणि प्राचार्यांना दाखवून पाठवलं.

शुक्रवारी मी दर दहा मिनिटांनी मेल पाहिला. खिडकीवरच्या दोन पालकांना उगाच तोडून बोलले. साडेबाराला उत्तर आलं. नोंद केली आहे, विद्यार्थिनीचं नाव अंतिम यादीत जाईल. त्याखाली बाईंनी स्वतःहून एक ओळ लिहिली होती: आमच्याकडूनही पहिल्या पत्रात शेवटची तारीख द्यायची राहिली, पुढे काळजी घेऊ.

मी मुलीला फोन केला. ती नवेगावला पोहोचली होती. मी सांगताच पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, “ते रडून राहिली जी. चांगलं झालं न?” मी म्हटलं, चांगलं झालं.

पूर्ण चांगलं मात्र झालं नाही. हॉस्टेलच्या खोल्या ज्यांची पडताळणी आधी झाली त्यांना आधी मिळाल्या होत्या. तिचं नाव शेवटी गेल्यामुळे तिला पहिलं सत्र बाहेर, तीन अनोळखी मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत काढावं लागलं. भाषा येत नाही, जेवण जमत नाही. हे तिने मला दिवाळीत येऊन सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं. मी कितीही नीट मेल लिहिला असता तरी ते नऊ दिवस परत येणार नव्हते. तिच्यासमोर मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “जाऊ द्या मॅडम. स्वयंपाक शिकली मी.”

त्यानंतर माझी लिहिण्याची रीत बदलली. बाहेरच्या संस्थेला लिहिताना मी आधी दिवस आणि वेळ लिहिते, मग कारण, मग विनंती. घाई नसेल तर ‘आपल्या सवडीने, या महिन्यात केव्हाही’ असं मोकळं लिहिते, म्हणजे समोरच्याच्या जिवाला घोर नको. ओळखीच्या लिपिकाला ‘आज जमेल का?’ एवढं पुरतं. वरिष्ठांना ‘आपल्या मार्गदर्शनाची सोमवारपर्यंत अपेक्षा आहे’ असं लिहिलं की ते रागावत नाहीत आणि सोमवारही विसरत नाहीत. ‘तात्काळ’ मी वर्षातून एक-दोनदाच वापरते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेबसाइट शेवटच्या दिवशी बंद पडली तेव्हा वापरला होता, आणि तासाभरात कोणीतरी फोन केला.

वरच्या कार्यालयातून अजूनही दीड वाजता ‘अतितात्काळ’ येतं. मी माहिती भरून देते. फरक इतकाच, की आता आधी डबा खाते.