अठ्ठेचाळीस सोडून अकरा

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ चालतो. त्या रविवारचा डाव माझा आणि वकीलकाकांचा. जिंकणारा आमच्या स्क्रॅबल क्लबच्या संघातून पुण्याला स्पर्धेला जाणार होता. एकच जागा उरली होती. पुण्यातल्या माझ्या लेकीने स्पर्धेच्या दिवसाची रजासुद्धा टाकून ठेवली होती. मला जायचंच होतं, अगदी हट्टाने.

मी वीस गुणांनी पुढे होते. पुढे असलं की बोर्ड बंद ठेवायचा, हे काकांनीच शिकवलेलं. म्हणून मी शहाण्यासारखी एकेक मोकळी जागा बुजवत आले होते. आता माझ्या अक्षरांच्या पट्टीवर ए, ई, आय, आर, एस, टी आणि झेड. बोर्डवरच्या एका ‘ओ’ला धरून ‘झीरोज’ लावला तर सरळ अठ्ठेचाळीस! पण झेड पडणार वरच्या तिप्पट गुणांच्या लाल घराखाली. काकांनी तिथून खाली ‘ब्लेझ’ लावला की तेवढेच गुण त्यांचे. शिवाय माझी चार चांगली अक्षरं खर्ची पडणार. उलट नुसता झेड ‘ओ’ला चिकटवून ‘झो’, म्हणजे तो याकसारखा प्राणी, केला तर फक्त अकरा, पण उरलेली सहा अक्षरं अशी की कुठलंही बरं सातवं आलं की सातही एकदम लागतात आणि पन्नास जादा. डोक्याचा नुसता भुगा झाला. घड्याळ पळत होतं. मी ‘झो’ लावला.

पिशवीतून एन आला. सातांचा ‘रेटिनाज’! मनात उकळ्या फुटल्या. ‘झो’ला एस जोडून तो उभा बसत होता, तेवढी एकच जागा.

काकांनी बोर्डकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि सहा गुणांचा एक फालतू शब्द नेमका त्या जागेत टाकला. बाकीच्या जागा मीच बंद केलेल्या. माझा सुंदर शब्द पट्टीवरच राहिला. मी तो मोडून तुकडे लावत गेले आणि नऊ गुणांनी हरले. स्वतःचाच राग करत टाइल्स पिशवीत भरल्या.

मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? काका म्हणाले, “झेड असून बाई अकरा घेते, म्हणजे पट्टीवर काहीतरी जपतेय.”

“आणि मी झीरोज लावला असता तर? वरचं लाल घर?”

“माझ्याकडे एकही स्वर नव्हता हो. काय लावणार होतो मी?”

संध्याकाळी लेकीला फोन केला. येत नाही म्हटलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पण आई, त्यांच्याकडे स्वर असते, तर तू बरोबर ठरली असतीस का?”

असते तरी माझ्या सात अक्षरांना जागा कुठे होती? आणि जागा मोकळी ठेवली असती, तर काकांनी नसती वापरली? मला खरंच कळत नव्हतं. तिला म्हटलं, रजा रद्द कर.