सासूबाईंच्या वेणीची दोन बोटं

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी नवरा कामाला होता तो जिनिंगचा कारखाना बंद पडला, तो घरी बसला, आणि मी वणीतल्या आमच्या पुढच्या खोलीत पार्लर थाटलं. सासूबाई त्याला 'केसं कापाचं दुकान' म्हणत. वर्षभरात त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. मीही काही गरीब गाय नव्हते, स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटायची.

राजूरला त्यांच्या भाचीचं लग्न दोन दिवसांवर आलं. सगळा गोतावळा येणार आणि आपली वेणी पांढरी, हे बाईंच्या जिवाला लागलं. मला न विचारता त्यांनी रंगाचं पाकीट आणलं. त्यावर अर्धा तास लिहिलेला, यांनी मेंदीसारखा तीन तास ठेवला. मग अंगाच्या साबणानं, बोअरच्या जड पाण्यात धुतला आणि ओले केस पंच्यानं फटाफट झटकले. रंग चढला झकास, पण कमरेपर्यंतच्या केसांचा सुंभ झाला. फणी मध्येच अडून बसली.

संध्याकाळी त्या पार्लरच्या दारात उभ्या. मला आधी हसूच आलं, पण त्यांचे डोळे भरलेले पाहून गिळलं.

"हे कापावं तं नाही ना लागत?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. रंगानं केसांवरचे बारीक खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात, ते पुन्हा बसवायचे असतात, असं समजावलं. सौम्य शाम्पूनं साबण काढला, टाळू सोडून लांबीला ओंजळभर कंडिशनर चोपडलं. मग बट मुठीत धरून, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, मोठ्या दातांच्या कंगव्यानं आधी टोकं, मग थोडं वर, असं विंचरत गेले. त्या मला 'हळू, हळू' म्हणत राहिल्या आणि मी, शहाण्या सुनेसारखी, एकदाही उलट बोलले नाही. दीड तासात गाठी सुटल्या.

टोकं मात्र पुन्हा गुंतत होती. चिरलेलं टोक कंडिशनरनं सांधत नाही, थोडं छाटावंच लागतं. लग्नकार्यात केसांना कात्री लावत नाहीत, असं त्यांनी बजावलं. मग राजूरला मांडवात पुन्हा सुंभ होईल, असं मीही बजावलं. शेवटी त्यांनी केसांची टोकं हातात घेतली आणि स्वतःची दोन बोटं आडवी ठेवली.

"येवढंच. वर गेलीस तं पाह्य."

मी बोटांच्या कडेनंच कापलं. पुन्हा कंडिशनर, साधं पाणी, पंच्यानं नुसतं टिपणं. वाळल्यावर त्यांनी माथ्यापासून खाली बोटं फिरवली. ती कुठंच अडली नाहीत. त्यांनी पुन्हा फिरवली, मग तिसऱ्यांदा, आणि लहान पोरीसारख्या हसल्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याच पदराला हात पुसले.

राजूरच्या मांडवात त्यांच्या जाऊबाईंनी विचारलं, कोणतं तेल लावता? सासूबाईंनी त्यांचा हात धरून आपल्या वेणीवर ठेवला.

"तेल नाही हे. माह्या सुनेच्या हाताचं आहे. पार्लर आहे तिचं, आपल्या पुढच्याच खोलीत."